गाडीचा हप्ता परवडतो, गाडी नाही
"पगार वाढला की वाढीतली निम्मी रक्कम बाजूला टाका."

असा सल्ला मिळतो, पण बाजूला टाकायची कधी? महिनाअखेरीस काही उरतच नाही. बढतीनंतर माझ्या हातात ६२ हजारांऐवजी ७८ हजार येऊ लागले आणि मी गाडी घेतली. हप्ता १०,८००, सहज झेपणारा. पण पेट्रोल, विमा, सोसायटीचं पार्किंग धरून महिन्याला १७ हजार जायला लागले. अख्खी वाढ गेलीच, वर जुन्या पगारातलेही हजार!

पुढची वाढ ९ हजारांची. म्युच्युअल फंडातल्या माझ्या एसआयपीचा हप्ता वाढवणारा टॉप-अप वर्षपूर्तीलाच लागणार होता, त्याला सहा महिने होते. म्हणून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाणारी ६ हजारांची नवी एसआयपी सुरू केली. खात्यातून हप्ता कापायची परवानगी, म्हणजे बँकेचा मँडेट, मंजूर व्हायला वेळ लागतो, तेव्हा वाढीचं पत्र मिळताच अर्ज करा.