पोर्टफोलिओत धडा नको, चूक दाखवा

शाळा सोडून कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये किंवा ऑनलाइन कोर्सच्या डिझाइनमध्ये यायचंय, असं म्हणणारे शिक्षक हल्ली वरचेवर भेटतात. मीही गणित शिकवता शिकवताच इकडे आले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'कोर्स बनवायचं स्टोरीलाइन सॉफ्टवेअर शिकू का?' शिका की. पण सॉफ्टवेअर हातात बसायला काही आठवडे पुरतात, गाडी अडते ती पोर्टफोलिओपाशी. त्यात बहुतेकांनी आपला आवडता धडा स्लाइडवर चढवलेला असतो आणि शेवटी क्विझ. कंपनीला मात्र माणूस उद्या कामावर काय वेगळं करणार, ते हवं असतं.

समजा, एका दुचाकी सर्व्हिस सेंटरची तक्रार आहे: दुरुस्त झालेल्या गाड्या तोच दोष घेऊन परत येतात. आपला हात लगेच 'जॉब कार्डचं महत्त्व' या स्लाइडकडे जातो. तो आवरा, आधी जुनी कार्डं मागवा. बऱ्याच कार्डांवर 'गाडी आवाज करते' एवढंच लिहिलेलं आहे. असं का, ते काउंटरवरच्या माणसाला विचारा. 'तक्रारीला एकच ओळ आहे हो,' असं उत्तर आलं तर कोर्स नको, कार्ड बदला. (क्लायंटला हे ऐकायला आवडत नाही. तरी सांगायचं.) पण ग्राहकाला काय विचारावं हेच त्याला सुचत नसेल, तर कोर्सला अर्थ आहे.

तोही छोटासाच. पडद्यावर ग्राहक म्हणतो, 'पुढून खरखर येते.' पर्याय तीन: नुसतं 'आवाज' लिहून घ्यायचं, 'किती दिवस झाले?' विचारायचं, किंवा 'ब्रेक दाबल्यावर येते की चालताना सतत?' असं विचारायचं. पहिला निवडला तर लाल फुली नको. मेकॅनिक चेनला तेल घालून गाडी देतो आणि दोन दिवसांनी तोच ग्राहक पुन्हा दारात, असं दाखवा. खरी मेख दुसऱ्या पर्यायात आहे. प्रश्न वाईट नाही, पण दोष कुठे शोधायचा ते मेकॅनिकला त्यातून कळत नाही.

असा अर्धवट बरोबर पर्याय लिहिणं भल्याभल्या डिझायनरना जमत नाही. ते एक बरोबर उत्तर लिहितात आणि दोन कोणीच निवडणार नाही अशी. वजाबाकीत मूल नेमकं कुठे घसरतं हे वह्यांमधून वर्षानुवर्षं पाहिलेल्या शिक्षकाला मात्र ते जमतं. अडचण एकच: नव्या क्षेत्रातल्या चुका आपल्याला माहीत नसतात आणि तिथला तज्ज्ञ नियमच सांगत बसतो. त्याला विचारा, 'नवा माणूस पहिल्या महिन्यात कुठे चुकतो?' मग तो खुलतो.

हा नमुना पॉवरपॉइंटमध्ये लिंका देऊनही बनतो. सोबत स्टोरीबोर्ड जोडा: पडद्यावर काय, निवेदनात काय, कशावर क्लिक केल्यावर काय. निवेदनात पडद्यावरचाच मजकूर वाचून दाखवू नका. आणि कोर्स का केला, कार्ड का नाही बदललं, हे अर्ध्या पानात लिहा. मी मुलाखत घेते तेव्हा आधी तेच पान वाचते.