शंभर पौंडांतले पावणेनऊ

"विंडफॉल टॅक्स म्हणजे यशाला शिक्षा. कंपनीने चार पैसे जास्त कमावले की सरकारचा हात तिच्या खिशात. तोटा झाला तेव्हा हेच सरकार कुठे होतं? असा कर लागला की गुंतवणूक आटते, उत्पादन घटतं आणि भाव उलट वाढतात. अमेरिकेने 1980 मध्ये हे करून पाहिलं आणि तोंडावर आपटली."

विंडफॉल टॅक्सबद्दल, म्हणजे अचानक हाती आलेल्या जादा नफ्यावरच्या खास कराबद्दल, असा मजकूर फिरत असतो. यातलं एक वाक्य मला बऱ्याच अंशी पटतं. कुठलं ते ओघात येईलच. आधी ‘यश’ या शब्दापासून सुरुवात करू. सगळी चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच कर समोर ठेवतो: ब्रिटनने मे 2022 मध्ये उत्तर समुद्रातल्या तेल आणि वायू कंपन्यांवर बसवलेला एनर्जी प्रॉफिट्स लेव्ही.

उत्तर समुद्रात 2008 साली खोदलेली एक वायूची विहीर डोळ्यांपुढे आणा. तोच प्लॅटफॉर्म, तेच कामगार, रोज निघणारा वायूही तेवढाच, किंबहुना दर वर्षी थोडा कमीच. या वायूला ब्रिटनच्या घाऊक बाजारात बरीच वर्षं थर्मला, म्हणजे वायू मोजायच्या एककाला, 50 पेन्सच्या आसपास भाव मिळायचा. ऑगस्ट 2022 मध्ये तो पाच पौंडांच्या पुढे गेला. मधल्या काळात कंपनीने काय केलं? काहीच नाही. रशियाने युरोपचा वायू तोडला, एवढंच झालं. मराठीत याला ‘घबाड’ म्हणतात. घबाड सापडतं, ते कोणी कमावत नाही. ते काढून घेतलं तर कोणाच्या कष्टांना शिक्षा होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. विहीर खोदणारा दहा वाईट वर्षं सोसतो ती एखाद्या चांगल्या वर्षाच्या आशेवरच. ते चांगलं वर्ष काढून घेतलं तर हिशेब कोलमडतो. हे खरं आहे, पण 2008 मध्ये खोदायचा निर्णय घेताना दहापट भावाचा आकडा कोणाच्याही तक्त्यात नव्हता. तो न मिळण्याने तेव्हाचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

ब्रिटिश कराची खरी अडचण वेगळीच होती आणि तिच्यावर टीकाकार फारसं बोट ठेवत नाहीत. विंडफॉल टॅक्स म्हणून ओळखला जात असला तरी हा कर ‘नेहमीच्या नफ्याच्या वरचा भाग’ मोजतच नव्हता. पहिल्या पौंडापासून सगळ्या नफ्यावर तो 25 टक्के लागला. हार्बर एनर्जी या कंपनीने आपला बराचसा वायू आधीच ठरलेल्या, म्हणजे खूप कमी भावाने विकून ठेवला होता. पाच पौंडांचा भाव त्या वायूला मिळालाच नाही, तरी कराचा दर सगळ्यांना तोच. 2022 मध्ये तिचा करापूर्वीचा नफा सुमारे 2.5 अब्ज डॉलर आणि करानंतरचा जेमतेम 80 लाख डॉलर. हा आकडा सगळीकडे फिरवला गेला. त्या करातला सुमारे दीड अब्ज डॉलरचा भाग पुढच्या वर्षांत भरायच्या कराची हिशेबी तरतूद होती, रोख बाहेर गेलेलीच नव्हती, हे मात्र कोणी सांगितलं नाही. तरीही मूळ तक्रार रास्त होती: घबाड नसलेल्याकडूनही घबाड कर घेतला गेला.

तोट्याच्या वेळी सरकार कुठे होतं, हा प्रश्न चांगला आहे. ब्रिटनपुरतं उत्तर असं की सरकार तिथेच होतं. 2014 नंतर तेलाचा भाव कोसळला तेव्हा या कंपन्यांवर कंपनी कराशिवाय लागणारा सप्लिमेंटरी चार्ज 32 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 10 वर आणला गेला आणि जुना पेट्रोलियम रेव्हेन्यू टॅक्स थेट शून्यावर. जुने प्लॅटफॉर्म उखडण्याच्या खर्चापोटी आधी भरलेला कर परत मिळत होता. त्या काळात उत्तर समुद्रातून सरकारची निव्वळ वसुली शून्याच्याही खाली गेली होती. म्हणजे घेण्यापेक्षा देणंच जास्त. वाईट दिवसांत भागीदार असलेल्याने चांगल्या दिवसांत वाटा मागितला तर त्यात गैर काय?

पण मला पटणारं वाक्य ते हेच, तोट्याच्या वेळचं. कारण नवा कर लिहिताना ब्रिटनने ही भागीदारी अर्धवट सोडली. आधीच्या वर्षांचे साचलेले तोटे या कराच्या हिशेबात चालत नाहीत, कर्जावरचं व्याज चालत नाही, प्लॅटफॉर्म उखडण्याचा खर्चही चालत नाही. नॉर्वेत उलट आहे. तिथे नेहमीचा कंपनी कर आणि तेलावरचा खास कर मिळून दर 78 टक्के होतो. ऐकूनच छाती दडपते. पण कंपनीने शोधावर, विहिरीवर पैसे घातले आणि नफा नसला तर कराच्या प्रमाणातली रक्कम राज्य परत करतं. शोधाच्या खर्चापुरती ही परतफेड 2005 पासून आहे. ती आल्यावर छोट्या, नव्या कंपन्या शोधात उतरल्या आणि 2010 मध्ये योहान स्वेरड्रुप हा अवाढव्य साठा हाती लागला, तोही 78 टक्के कर असलेल्या समुद्रात.

आता गुंतवणूक. इथे जरा थांबून हिशेब करू, कारण फिरणाऱ्या मजकुरात तो कधीच नसतो.

कराआधी उत्तर समुद्रातल्या नफ्यावर दर होता 40 टक्के: 30 टक्के कंपनी कर आणि 10 टक्के सप्लिमेंटरी चार्ज. कंपनीने नव्या विहिरीत 100 पौंड घातले की त्या वर्षीच्या नफ्यातून पूर्ण 100 वजा होत, म्हणजे 40 पौंड कर वाचे. शिवाय सप्लिमेंटरी चार्जमध्ये गुंतवणुकीच्या 62.5 टक्के इतकी वेगळी सूट होती, तिचे सव्वासहा. एकूण 46.25 पौंड सरकारचे, उरलेले कंपनीच्या खिशातले.

मे 2022 मध्ये 25 टक्क्यांचा नवा कर आला आणि एकूण दर 65 झाला. पण त्यात 80 टक्के जादा वजावट ठेवली होती. 100 पौंड गुंतवले तर नव्या कराच्या हिशेबात 180 वजा. 180 चे 25 टक्के म्हणजे 45. आधीचे 46.25 आणि हे 45 मिळून 91.25. विहीर खोदायला कंपनीच्या खिशातून किती गेले? पावणेनऊ पौंड. पूर्वी जात होते 53.75.

उत्पन्नावर 65 टक्के कर, हे मान्य. पण नवं क्षेत्र सुरू व्हायला काही वर्षं जातात आणि कर तर डिसेंबर 2025 ला संपेल असं जाहीर झालं होतं. खर्च 91 टक्के सवलतीच्या काळात, कमाई 40 टक्के कराच्या काळात! कागदावर तरी यापेक्षा गोड सौदा नाही. माझ्या मते ही सवलत गरजेपेक्षा जास्तच उदार होती. न परवडणारी विहीरही तिच्यामुळे परवडत होती. एक मर्यादाही सांगायला हवी. वजावट वापरायला आधी नफा हवा होता. जुन्या विहिरींवर कमावणाऱ्याला 91 पौंड मिळत, नव्याने आलेल्या, अजून कमाई नसलेल्या कंपनीला त्या वर्षी काहीच नाही.

मग कंपन्या कुरकुरत का होत्या? कारण ‘डिसेंबर 2025’ टिकलं नाही. जानेवारी 2023 पासून दर 35 झाला आणि मुदत मार्च 2028. मग मार्च 2029. मग नोव्हेंबर 2024 पासून दर 38, जादा वजावट रद्द आणि मुदत मार्च 2030. वर मांडलेला सौदा ज्या तारखेवर उभा होता ती तारीखच सरकत गेली. आज ब्रिटनचा एकूण दर 78 आहे, अगदी नॉर्वेइतका. 100 पौंडांवर सवलत अजूनही 84.25, म्हणजे आकड्यात बघितलं तर दरापेक्षाही जास्त. तरी गुंतवणूकदार नॉर्वेवर जितका भरवसा ठेवतो तितका ब्रिटनवर ठेवत नाही. याला भूगर्भही कारण आहे. ब्रिटनच्या समुद्रातलं उत्पादन 1999 पासून उतरणीलाच लागलं आहे, कर असो वा नसो. आणि याच काळात, एकूण दर 75 टक्के असताना, सप्टेंबर 2023 मध्ये ब्रिटनच्या रोजबँक तेलक्षेत्रावर 3.8 अब्ज डॉलर घालण्याचा निर्णय झाला, हेही विसरू नये.

भाव वाढण्याचा मुद्दा लवकर आटोपतो. तेलाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, ब्रिटनच्या वायूचा युरोपच्या बाजाराबरोबर चालतो. एका समुद्रातल्या विक्रेत्याने ‘माझा कर वाढला’ म्हणून भाव वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडून घेईल. स्थानिक आणि स्पर्धा नसलेल्या धंद्यात मात्र हे उत्तर चालणार नाही.

राहिली अमेरिका. 1980 चा तो कर नावाला प्रॉफिट टॅक्स होता, प्रत्यक्षात पिंपामागे लागणारी एक्साइज ड्युटी. कायद्याने एक आधारभाव ठरवला. जुन्या तेलासाठी तो सरासरी 13 डॉलरच्या जवळपास. विक्रीचा भाव आणि आधारभाव यांतल्या फरकावर मोठ्या कंपन्यांच्या जुन्या तेलासाठी 70 टक्के आणि नव्याने सापडलेल्या तेलासाठीही 30 टक्के. चूक या ‘ही’मध्ये आहे. जुनं तेल सापडलेलं, त्यावर कर घेतला तरी ते जमिनीतून पळून जात नाही. नवं तेल अजून शोधायचं आहे, तिथे मात्र कर थेट निर्णयावर बसतो. शिवाय आयात तेलाला कर नाही, म्हणजे घरच्याच विहिरीला तोटा. 1988 मध्ये कर रद्द झाला. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, संशोधन विभागाच्या अंदाजाने त्या काळात देशातलं उत्पादन 1.2 ते 8 टक्क्यांनी घटलं असावं. नुकसान झालं, पण ‘आटलं’ म्हणावं इतकं नाही.

अंदाज 393 अब्ज डॉलर वसुलीचा होता, मिळाले 80 अब्ज. हा आकडा अपयशाचा पुरावा म्हणून दिला जातो. खरं तर तेलाचा भाव पडला, घबाड उरलं नाही, म्हणून कर उरला नाही. कराने तेच करायचं होतं. चूक झाली ती न आलेल्या पैशांवर आधीच बेत आखणाऱ्यांची.

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटनने या लेव्हीनंतर येणारा नियम जाहीर केला. पिंपाला 90 डॉलर आणि थर्मला 90 पेन्स या रेषेच्या वर जेवढी विक्री, तेवढ्यावरच 35 टक्के. अमेरिकेसारखाच हाही विक्रीच्या रकमेवर आहे, नफ्यावर नाही, म्हणून गुंतवणुकीची वजावट यात नसेल. पण रेषा 13 वर नाही, 90 वर आहे. भाव 100 डॉलर झाला तर पिंपामागे साडेतीन डॉलर, 89 झाला तर शून्य. आज विहीर खोदणारा हे दोन्ही आकडे आपल्या तक्त्यात आधीच लिहू शकतो, आणि 2022 मध्ये त्याला नेमकं हेच करता येत नव्हतं.