'तुक्का' म्हणालात म्हणून

"पर्याय खोडत उत्तर काढणं म्हणजे पोरांना तुक्के मारायला शिकवणं आहे, सर. आणि तोट्यातला मक्तेदार उत्पादन चालू ठेवतो, हे कुठल्या जगात? आकडेही घाईत टाकलेले दिसतात."

नमस्कार. मी दिलेल्या सराव प्रश्नावरची आपली ही टिप्पणी वाचली. मक्तेदार कुठल्या किंमतीला किती नग काढेल, की उत्पादन बंद करेल, असा तो चार पर्यायांचा प्रश्न होता. एक मान्य: प्रश्नात 'अल्पकाळात' हा शब्द हवा होता, तो राहून गेला. तोटा कायमचा असेल तर दीर्घकाळात मक्तेदारही बाजार सोडतो. दुरुस्ती केली आहे.

पण 'तुक्का' हा शब्द मला लागला. सांगलीत तेरा वर्षं सेट-नेटच्या पोरांना शिकवतोय, एवढं सरळ तोंडावर कुणी बोललं नव्हतं. कुठला पर्याय कशामुळे उडतो, ते मी लिहिलं होतं. आपण ते वाचलं नाही, असंच मला वाटतं.

मागणी P = 100 − 2Q, सीमांत खर्च दर नगाला २० रुपये, स्थिर खर्च ९००. 'किंमत २०, नग ४०' हा पूर्ण स्पर्धेचा समतोल. मक्तेदार खर्चावर किती चढवतो ते लवचिकतेवर ठरतं: (P − MC)/P = 1/लवचिकता. इथे लवचिकता पाव आहे, म्हणजे उजवी बाजू ४. किंमत धन असताना हे जुळायला सीमांत खर्च ऋण लागेल. पर्याय गेला. 'किंमत ५०, नग २५' इथे पोरं हमखास फसतात, कारण एकूण विक्री सर्वांत जास्त, १२५० रुपये. पण लवचिकता नेमकी १, म्हणजे सीमांत प्राप्ती शून्य. शेवटच्या नगावर २० रुपये घालून हाती काहीच येत नाही. हाही गेला. 'किंमत ६०, नग २०' इथे लवचिकता दीड, आणि ४० भागिले ६० म्हणजे दोन तृतीयांश, दोन्ही बाजू जुळतात. यात तुक्का कुठे आहे?

राहिला 'उत्पादन बंद' हा पर्याय. विक्री १२००, बदलता खर्च ४००, उरले ८००. स्थिर खर्च ९००, म्हणून तोटा १००. बंद ठेवलं तर तोटा पूर्ण ९००. किंमत ६०, सरासरी बदलता खर्च २०, मग बंद का करायचं?

कुठल्या जगात, विचारता? शिराळ्याकडे आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीचं आणि इंजिनाचं हंगामाचं भाडं आगाऊ दिलेलं. एका वर्षी गुळाचा भाव पडला, भाडं निघणार नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. वडील चुलवाणाशी बसून एवढंच मोजायचे की ढेपेच्या पैशांतून ऊस, जळण आणि गुळव्याची मजुरी निघते का. निघत होती, म्हणून चुलवाण शेवटपर्यंत पेटतं राहिलं. गुऱ्हाळवाला मक्तेदार नव्हे, भाव तो ठरवत नाही, त्यामुळे वरचं सूत्र त्याला लागू नाही. पण बंद करायची कसोटी दोघांची एकच.

आकडे घाईचे वाटत असतील तर वहीवर मांडून बघा आणि कुठे चुकलं ते नेमकं लिहा.