रुळांवर ट्रॅक्टर अडकला तर

"फाटकात ट्रॅक्टर बंद पडला, तर आधी ढकलायचा की गेटमनला सांगायचे?"

आधी सर्वांनी खाली उतरून रुळांपासून दूर जावे आणि एकाने लगेच गेटमनकडे धावावे. सिग्नलला जोडलेल्या फाटकात दांडा खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. परंतु प्रत्येक फाटक तसे जोडलेले असतेच असे नाही, आणि रस्त्यावरून ते ओळखता येत नाही. गेटमन स्टेशन मास्तरला फोन करतो, लाल झेंडी दाखवतो आणि ६०० व १,२०० मीटरवर रुळांना इशाऱ्याचे फटाके बांधण्याची व्यवस्था करतो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी हे १,२०० मीटर सुमारे ४० सेकंदांत कापते, त्यामुळे धक्का मारण्यात गेलेले पहिले मिनिट त्याच्या हातून जाते. गेटमन दिसला नाही, तर १३९ वर फोन करावा.

निफाड-लासलगावकडे कांद्याने भरलेली ट्रॉली अडकली की माल वाचवण्याचा मोह होतो (तो समजण्यासारखा आहे), पण मार्ग दुहेरी असल्याने दुसऱ्या बाजूनेही गाडी येऊ शकते. गेटमनने गाड्या थांबल्याचे सांगितल्यावरच ढकलायला हात लावावा.