फाटक पडलंय!

मुंबईत राहून रेल्वे फाटकाचं दुःख सांगितलं की लोक विचारतात, ‘अजून आहेत फाटकं?’ आहेत हो. हार्बर लाईनवर चुनाभट्टीला आमचं एक आहे. मी राहतो रुळांच्या एका अंगाला आणि ज्या गिरणीचं पीठ आमच्या घरी चालतं, ती दुसऱ्या अंगाला. अलीकडे गिरणी नाही का? आहे. पण तिच्या पिठाच्या पोळ्या कडक होतात, असा निकाल घरात लागलेला आहे आणि त्यावर अपील नाही.

तर स्कूटरच्या पायाशी गव्हाचा डबा ठेवून मी निघतो आणि समोर लाल-पांढरा दांडा खाली येतो. गाडीचा अजून पत्ता नसतो. रूळ दोन्ही बाजूंना रिकामे. शेजारचा रिक्षावाला हमखास म्हणतो, ‘गेटमनला झोप लागली वाटतं.’ पूर्वी मीही मान डोलवायचो. पण रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या वाडीतले एक अण्णा एकदा माझ्याबरोबर या रांगेत अडकले आणि त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

‘अरे, गेटमनच्या हातात काय आहे? फाटक सिग्नलला बांधलेलं असतं. दांडा पडून कुलूप लागल्याशिवाय मोटरमनला सिग्नल मिळत नाही. आणि एकदा सिग्नल दिला की गाडी निघून जाईपर्यंत ते कुलूप सुटत नाही. मधेच उघडायचं म्हटलं तर आधी सिग्नल परत लाल करायचा आणि ठरलेला वेळ थांबायचं. तुझ्या गव्हासाठी कोण करणार ते?’

म्हणजे गाडी दिसायच्या बऱ्याच आधी फाटक पडणार, हे ठरलेलं. मोटरमनला लांबूनच हिरवा दिसायला हवा, नाहीतर तो ब्रेक लावणार आणि मागच्या सगळ्या गाड्या रखडणार. एका गाडीसाठी दोन-तीन मिनिटं गेलीच. त्यात स्टेशन फाटकाला लागून. एखादी गाडी फलाटावर उभी राहून माणसं उतरवत असते, तिचं तोंड आपल्याकडे असतं आणि ती निघून पार होईपर्यंत आपण डब्याकडे बघत बसायचं.

खरी मेख पुढे आहे. गाड्या दोन्हीकडून येतात. समजा, सीएसएमटीकडे जाणारी सात वाजून दोन मिनिटांनी फाटकावर आली आणि पनवेलकडे जाणारीही सात-दोनलाच आली, तर तुमचं नशीब थोर. एका पडण्यात दोन गाड्या गेल्या, फाटक उघडलं, लोक सुटले. पण पनवेलवाली सात-चारला असेल तर? पहिली जाते, सगळे किक मारतात, हेल्मेटं चढवतात आणि दांडा ढिम्म हलत नाही, कारण दुसरीचा सिग्नल तोवर देऊन झालेला असतो. ती जाईपर्यंत पुन्हा सीएसएमटीवाली जवळ आलेली असते. गर्दीच्या वेळी गाड्या अशा एकाआड एक लागल्या की फाटक पडतं ते पडतंच. यात कोणाची चूक नाही, हेच जास्त चिडवणारं आहे. शिव्या घालायला तरी कोणी हवं!

तेव्हापासून मी घरून निघताना मोबाईलवर दोन्ही दिशांचं टाइमटेबल बघतो. दोन्ही गाड्या मिनिटभराच्या अंतरानं असतील तर फाटकावर थांबायचं. दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं लागल्या असतील तर तिथं उभं राहण्यात अर्थ नाही. गाड्या टाइमटेबलप्रमाणे धावत असतील तर ही पद्धत अचूक आहे. पावसाळ्यात मात्र ती गुंडाळून ठेवावी.

फाटक उघडल्यावर सगळं सुटतं असंही नाही. थांबलेल्या वेळात आमच्या बाजूच्या शहाण्यांनी रस्त्याची डावी बाजू भरून उजवीही भरलेली असते आणि समोरच्या शहाण्यांनीही तेच केलेलं असतं. दांडा वर गेला की दोन्ही फौजा रुळांवर एकमेकांना भिडतात. मधे एक टेम्पो, त्याच्या बगलेत रिक्षा, रिक्षाच्या चाकाला टेकलेली माझी स्कूटर. ‘तू मागे घे.’ ‘माझ्या मागे बघ की किती आहेत!’ गेटमन शिट्टी फुंकून लाल होतो. आणि जोवर टेम्पो रुळांवर आहे तोवर दांडा पडत नाही, दांडा पडत नाही तोवर सिग्नल नाही. लांब कुठंतरी लोकल उभी राहते आणि आतले लोक रेल्वेला शिव्या घालतात. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, गाडी माझ्या गव्हानं अडवली आहे.

काही धाडसी लोक दांड्याखालून वाकून जातात. एक काका तर सायकल आडवी करून सरकवतात. रेल्वे कायद्यात रुळांवर विनापरवाना शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि बंद फाटक आपल्या हातानं उघडलं तर तीन वर्षांपर्यंत. अण्णांनी हे कलमांसकट सुनावलं तेव्हा काका म्हणाले, ‘मी उघडलं कुठं? खालून गेलो.’

मग पूल का बांधत नाहीत? अण्णांकडे त्याचंही गणित होतं. दिवसभरातल्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, हा गुणाकार लाखाच्या वर गेला की पूल मंजुरीला पात्र. या मोजणीत मोटार एक, बैलगाडीही एक, पण रिक्षा अर्धी. पायी चालणारा शून्य. रिक्षावाल्यानं हे ऐकलं आणि तो पुढची गाडी येईपर्यंत कोणाशी बोलला नाही. पात्र ठरलं म्हणून पूल लगेच उभा राहतो असंही नाही. विक्रोळीकरांनी वर्षानुवर्षं घाटकोपर नाहीतर कांजूरकडून वळसे घातले, तेव्हा कुठं जून 2025 मध्ये त्यांचा पूल सुरू झाला.

राहिला वळसा. चाकांवर जायचं तर आधी शीवकडे उतरायचं, तिथल्या सिग्नलांना तोंड द्यायचं आणि हायवे धरून परत वर यायचं. रविवारी सकाळी हे बरं पडतं. संध्याकाळी हायवेवर अडकून मी फाटकाची आठवण काढली आहे. म्हणजे जवळचा रस्ता एकच, स्टेशनचा पादचारी पूल. स्कूटर अलीकडे लावायची, डबा खांद्यावर घ्यायचा आणि चढायचं. गहू दहा किलो असतो, पण अर्ध्या जिन्यावर तो वीस होतो. वरून उतरणारी गर्दी पिठाच्या डब्याला वाट देत नाही, फक्त ‘ओ काका, डबा सांभाळा’ म्हणते. परत येताना पीठ गरम असतं, त्यामुळे खांदाही शेकून निघतो.

शेवटी मी गिरणीवाल्यालाच विचारलं, घरून नेऊन घरपोच देशील का? तो तयार झाला. हिशोब लिहून दिला: दळणाचे इतके, पोचवण्याचे वीस. खाली आणखी दहा रुपये होते.

‘हे कसले रे?’

‘फाटकाचे,’ तो म्हणाला. ‘पूल चढायला लागला तर पंधरा.’