ब्रिजचं न्यूमरिकल तपासताना आकृतीकडे अजिबात बघू नका

बारावी फिजिक्सच्या प्रिलिमचा गठ्ठा टेबलावर, मार्क उद्या सकाळी भरायचेत, आणि समोर व्हीटस्टोन ब्रिजचं तीन मार्कांचं न्यूमरिकल. अशा वेळी एकच पथ्य पाळा. आकृती ही पोरांनी काढायची असते, तपासणाऱ्याने बघायची नसते. मॉडेल आन्सर शेजारी ठेवायचं, P/Q = R/S दिसतंय का ते शोधायचं, दिसलं की टिक आणि पुढचा पेपर.

आमच्याकडे आलेलं उदाहरणच घ्या ना. ABCD चौकोन, AB मध्ये १० ओहम, BC मध्ये २०, CD मध्ये X, DA मध्ये १५, सेल A आणि C ला, गॅल्व्हॅनोमीटर B आणि D च्या मध्ये, ब्रिज बॅलन्स आहे, X काढा. पोरगं A पासून निघून देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं गोल फिरतं आणि वाटेत भेटेल त्याला ओळीने P, Q, R, S अशी नावं देतं, मग पाठ केलेल्या सूत्रात आकडे टाकतं, १०/२० = X/१५, म्हणून X = ७.५ ओहम, उत्तराला चौकट, खाली दोन रेघा. काय देखणं दिसतं हो! सूत्र आहे, किमती टाकल्यात, युनिटसुद्धा विसरलेला नाही. अशा वेळी उगाच खुसपट काढू नका की हे सूत्र ज्या आकृतीसाठी आहे तिच्यात P आणि Q वरच्या वाटेवर, R आणि S खालच्या वाटेवर, आणि दोन्ही वाटा A पासूनच सुरू होतात, म्हणजे R हा DA व्हायला हवा होता. प्रदक्षिणा घालून नावं दिली की अट P/Q = S/R होते, पण एवढं कोण बघतंय, अक्षरं तर चारही तीच आहेत.

पडताळा तर चुकूनही करू नका, झोप उडेल. समजा सेल ६ व्होल्टचा आहे आणि X खरंच ७.५ ठेवला. वरच्या वाटेने १० आणि २०, म्हणजे B पर्यंत २ व्होल्ट गेले. खालच्या वाटेने १५ आणि ७.५, म्हणजे D पर्यंत ४ गेले. B आणि D मध्ये चक्क २ व्होल्टचा फरक, काटा कोपऱ्यात जाऊन आपटेल, आणि आपण त्यालाच बॅलन्स म्हणून तीनपैकी तीन दिलेत. X = ३० ठेवला तर १५ आणि ३०, D पर्यंतही २ च व्होल्ट जातात आणि काटा गप्प बसतो. हे सगळं मनातल्या मनात अर्ध्या मिनिटात होतं, म्हणूनच टाळा.

खरी सावधगिरी बाळगायची ती भलतीच वाट धरणाऱ्या पोरांपासून. एका मुलीने P, Q काही न लिहिता सरळ AB/AD = BC/DC लिहिलं, १०/१५ = २०/X, उत्तर ३०. मॉडेल आन्सरशी एकही ओळ जुळेना. तिने गुणोत्तर आडवं न घेता उभं घेतलं होतं, आणि ते बरोबरच आहे, कारण शेवटी समोरासमोरच्या भुजांचे गुणाकार समान लागतात, १० × X = २० × १५, सेल आणि गॅल्व्हॅनोमीटरच्या जागा बदलल्या तरी अट तीच राहते. पण तुम्ही इतक्या खोलात जाऊ नका. ‘सूत्र?’ असं लाल पेनाने लिहा आणि शून्य द्या.

पेपर काढणाऱ्यांनाही एक सांगून ठेवतो. AB आणि BC समान ठेवा, दोन्ही १० ओहम. मग A पासून कुठल्याही बाजूने फिरत नावं द्या, X हा DA एवढाच येतो, समजणारा आणि न समजणारा दोघं एकाच उत्तरावर पोचतात, आणि गठ्ठा संध्याकाळी सहाच्या आत संपतो.

मॉडेल आन्सरमध्येच ७.५ असेल तर? असतं की. आमच्यात होतं, आणि ते माझ्याच हस्ताक्षरात. ती मुलगी पेपर घेऊन आली, म्हणाली, “सर, लॅबमधले रेझिस्टन्स बॉक्स लावून बघू का?” मी म्हटलं, “अगं लॅबची किल्ली सरांकडे असते.” “कुठल्या सरांकडे?” किल्ली माझ्याच खिशात होती.