साधा तोटाही जमेना

शेअर बाजारात तोटा करून घेण्याचा माझा हातखंडा आमच्या घरात सर्वमान्य आहे. त्यासाठी मला वेगळे कष्ट कधी पडले नाहीत. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये आमच्या सीएने फोन करून "काका, ३१ मार्चच्या आत थोडा तोटा बुक करा" असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, एवढंच ना? हे तर घरचंच कार्य आहे.

मागची कथा अशी. आदल्या सप्टेंबरात बाजार चढलेला होता, निफ्टी २६,००० च्या वर. त्याच महिन्यात स्वयंपाकघराचं काम काढलं आणि त्याच्या पैशासाठी एप्रिलमध्ये घेतलेले काही शेअर मी विकले. ८०,००० रुपये नफा झाला. वर्षाच्या आतला, म्हणजे अल्पकालीन. त्यावर कर २० टक्के, म्हणजे १६,००० आणि वर ४ टक्के सेस धरून १६,६४०. एवढ्यात चिमणी आली असती.

आणि त्याच सप्टेंबरात चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी लिफ्टमध्ये मला एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव सांगितलं. तळमजला ते चौथा मजला एवढ्या वेळात जेवढं संशोधन होतं तेवढं करून मी २०० शेअर ६४० च्या भावाने घेतले. मार्चपर्यंत भाव ३९० वर आला होता.

"तेच विका," सीए म्हणाली. "२०० शेअर, प्रत्येकी २५० चा तोटा, पन्नास हजार. तो ८० हजारांतून वजा होईल, कर ३० हजारांवरच लागेल. १०,४०० रुपये वाचतील."

"पण तोटा तर झालेलाच आहे की! ॲपमध्ये लाल दिसतोय."

"काका, विकल्याशिवाय तो तोटा नसतो."

याला म्हणे टॅक्स-लॉस हार्वेस्टिंग म्हणतात, तोट्याची कापणी. आमची गावी शेती होती, म्हणून मला हा शब्द पटला नाही. पीक गेलं की कुणी कापणीला जात नाही, तलाठ्याला पंचनाम्याला बोलावतात. शेत डोळ्यांदेखत आडवं झालेलं असलं तरी कागदावर आल्याशिवाय सरकारच्या लेखी नुकसान नाही. विक्री म्हणजे हा पंचनामाच. ब्रोकरची व्यवहाराची पावती, म्हणजे काँट्रॅक्ट नोट, निघाली की नुकसान अधिकृत.

मी ३१ तारखेला सवडीने पंचनामा करायचं ठरवलं. आयुष्यभर सगळी कामं ३१ मार्चलाच केली आहेत. पण बुधवारी सीएचा पुन्हा फोन. "काका, ३१ ला सोमवारी ईद आहे, बाजार बंद. रविवारी पाडवा. शेवटचा दिवस शुक्रवार, २८." शुक्रवारी विकले तर पैसे नव्या वर्षात येतील, मग तोटा कुठल्या वर्षाचा, अशी मला एक रास्त शंका आली. काँट्रॅक्ट नोटवरची तारीख धरतात, पैसे कधी का येईनात, असं तिने सांगितलं आणि फोन ठेवला. मार्चमध्ये सीए लोक 'ठेवते' असं म्हणायच्या आधीच ठेवतात.

शुक्रवारी ऑफिसात सकाळी अकराला ॲप उघडलं. आता इथे एक कबुली द्यायची राहिली आहे. त्याच कंपनीचे १०० शेअर माझ्याकडे २०२० पासून पडून होते, ११० रुपयांनी घेतलेले. ते कुणी सुचवले होते आठवत नाही, म्हणजे बहुधा बायकोने. एकूण ३०० शेअर, ॲपवर सरासरी भाव ४६३.३३, आणि समोर २२,००० चा लाल आकडा. मी हिशोब केला: जुने १०० ठेवायचे, महागातले २०० विकायचे. तरी एकदम २०० विकायला हात धजेना. आधी १०० विकून बघू म्हटलं. बरोबर ३९० ला गेले. पंचवीस हजारांचा तोटा! मी समाधानाने चहा मागवला.

चहा येईपर्यंत सहज पाहिलं, तर ॲपमध्ये उरलेल्या २०० शेअरचा सरासरी भाव ६४० दाखवत होता. मगाशी ४६३ होता. आणि लाल आकडा कमी व्हायच्या ऐवजी २२ चा ५० हजार झालेला.

मी जिना गाठला आणि सीएला फोन लावला.

"तुमच्याकडे जुने शेअर होते?" तिचा आवाज एकदम थंड झाला. "हे मला का नाही सांगितलं?"

तर प्रकार असा आहे की डिमॅट खात्यातल्या शेअरवर नावगाव नसतं. हा २०२० चा आणि हा लिफ्टवाला, असं आपण मनात ठेवायचं. आयकर कायदा म्हणतो, जो आधी खात्यात आला तो आधी गेला. रेशनच्या रांगेसारखं, मागून घुसायचं नाही. म्हणजे मी विकले ते शंभर शेअर ११० रुपयांवाले. प्रत्येकी २८० चा नफा.

तोटा करायला गेलो आणि २८,००० रुपयांचा नफा करून बसलो. तीस वर्षांत ज्या दिवशी म्हणून मनापासून तोटा हवा होता, नेमका त्या दिवशी नफा.

ही रांग प्रत्येक डिमॅट खात्याची वेगळी असते. लिफ्टवाले शेअर मी दुसऱ्या खात्यात घेतले असते तर थेट तेच विकता आले असते. आणि माझं दुसरं खातं होतं हो! वर्षाची फी वाचवायला आदल्याच वर्षी मोठ्या शहाणपणाने बंद केलं होतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "हा नफा दीर्घकालीन आहे, वर्षावरचा. तसा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो. तुमचा दुसरा काही नाही ना? नक्की? मग उरलेले २०० विका."

पावणेतीनला विकले. या वेळी खरोखर पन्नास हजारांचा तोटा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. हे वाक्य मी आयुष्यात लिहीन असं वाटलं नव्हतं.

एकदा हात चालायला लागला की आवरत नाही. माझा एक जुना म्युच्युअल फंड आहे, सहा वर्षं सांभाळून ४०,००० तोट्यात आणलेला. म्हटलं, त्याचाही आजच पंचनामा उरकू, म्हणजे उरलेल्या ३० हजारांवरचा करही जाईल. बटणावर बोट ठेवायच्या आधी, शहाणपण आलं म्हणून नव्हे, सकाळचा धसका होता म्हणून विचारून घेतलं.

"अजिबात नाही," सीए म्हणाली. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, पण दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच. म्हणजे माझे हे ४० हजार त्या ३० हजारांना हातही लावणार नाहीत. ते जाऊन खाणार सकाळचा २८ हजारांचा नफा, ज्यावर मुळात कर नव्हताच. आधी तोटा वजा करायचा आणि मग जे उरेल त्याला सव्वा लाखाची सूट, असा क्रम आहे, आणि 'माझा तोटा राहू द्या' असं म्हणायची सोय नाही. एसटीचा मोफत प्रवास असलेल्या आजोबांसाठी पूर्ण तिकीट काढण्यातला प्रकार. २८ हजारांचा तोटा फुकट गेला असता, आणि उरलेले १२ तेवढे पुढच्या आठ वर्षांत एखादा दीर्घकालीन नफा भेटतो का बघत हिंडले असते. तेही रिटर्न मुदतीत भरलं तर. हे मला माहीत होतं. मागे एका वर्षी मी रिटर्न डिसेंबरात भरलं होतं आणि अठरा हजारांचा तोटा पुढे नेण्याचा हक्क गमावून बसलो होतो. तोटासुद्धा हरवू शकतो, हे तेव्हा कळलं.

पगारातून वजा होईल का, हेही विचारून पाहिलं. पलीकडून उत्तर आलं नाही, नुसता श्वास ऐकू आला.

तीन वाजून गेले होते. शेअर तर गेले, पण पंपाच्या धंद्यावर माझा विश्वास बसला होता. मी लगेच २०० ची खरेदी टाकायला घेतली. एवढ्यात सीएचा मेसेज: 'आज परत घेऊ नका.' त्याच दिवशी तोच शेअर विकला आणि घेतला की डिमॅटमधून काही बाहेरच जात नाही, व्यवहार आतल्या आत फिटतो आणि तो ठरतो इंट्राडे, म्हणजे सट्टा. सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. सकाळपासूनची सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी घ्यायला मात्र आपल्याकडे थेट आडकाठी नाही. हे मी न्यू जर्सीच्या मावसभावाला सांगितलं तर तो हळहळला. तिकडे विकण्याच्या आधीचे आणि नंतरचे ३० दिवस तोच शेअर घेतला तर तोटा धरतच नाहीत. "तुमचं बरंय रे," तो म्हणाला. अमेरिकेतल्या नातेवाइकाने हे वाक्य उच्चारल्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ.

पण पुढचा बाजाराचा दिवस होता मंगळवार, १ एप्रिल. मधले तीन दिवस मी हात चोळत बसलो. मंगळवारी सेन्सेक्स जवळपास १,४०० अंकांनी आपटला. सगळा बाजार खाली, आणि माझा पंप तेवढा ४१२ वर. प्रत्येकी २२ जास्त देऊन २०० परत घेतले. ४,४०० गेले, शिवाय एसटीटी, स्टँप वगैरे मिळून दोनेकशे. वाचवलेल्या १०,४०० मधले हातात राहिले ५,८००.

बायकोने हिशोबाचा कागद बराच वेळ पाहिला. "अहो, म्हणजे शेअर तेच?"

"तेच. पण खरेदीची किंमत आता ६४० नाही, ४१२. पुन्हा ६४० ला गेले तर ४५,६०० नफा दिसेल आणि त्यावर कर."

"मग वाचलं काय?"

"कर पुढे ढकलला. आणि आता वर्षभर हात नाही लावला तर तो नफा दीर्घकालीन होईल, सव्वा लाखाच्या आत बसेल. घड्याळ परत शून्यापासून सुरू झालंय ना."

"म्हणजे एक एप्रिलला मुहूर्त केलात," ती म्हणाली आणि कागद फ्रिजवर लावला. तो अजून तिथेच आहे.

माझी वसुली मात्र त्याआधी पाडव्यालाच झाली होती. सकाळी गुढी उभारून झाल्यावर चौथ्या मजल्यावरचे शेजारी श्रीखंडाला आले होते. त्यांच्याकडेही तोच पंप, आणि माझ्या तिप्पट.

"मला सगळं माहितीये हो," वाटी पुढे करत ते म्हणाले. "तोटा बुक करायचा, कर वाचवायचा. घाई कशाला? उद्या आहे की ३१. सकाळी सव्वानऊला बसतो आणि उडवून टाकतो."

मी त्यांना आणखी दोन डाव श्रीखंड वाढलं.